चावीवरचा दुपट्टा

पुंजाराम भित्रा आहे हे अकोल्याच्या त्या कापसाच्या जिनात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यालाही त्याची लाज वाटत नसे. लाज कशाची वाटायची? बायलरपाशी काम करणारा माणूस भीत नसेल तर तो शूर नव्हे, बिनडोक. पूर्वी पुंजाराम बायलरवरच होता. बायलर तपासणारा नागपूरचा साहेब येऊन परीक्षा घेऊन गेला होता, त्याचा दाखला घरी तसबिरीमागे जपून ठेवलेला होता. पण एकदा पाण्याची पातळी दाखवणारी काच फुटली आणि त्याच्या सोबत्याचं तोंड त्याच्या डोळ्यांदेखत उकळत्या पाण्यानं सोलून निघालं. त्यानंतर पुंजारामानं हातापाया पडून इंजिनघरात बदली मागून घेतली. तेलाची झारी घ्यायची, बेअरिंगला हात लावून गरम झालं का ते पाहायचं, चिंध्यांनी पुसायचं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, इथं तर तोंड दुसऱ्याचं पोळलं होतं आणि फुंकर हा घालत होता.

त्या दिवशी सकाळपासून जिन भरात चालू होतं. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत गेली होती. एवढ्यात शालिकराम मिस्त्री इंजिनघरात आला. साऱ्या यंत्रांचा कारभार त्याच्याकडे होता, आणि त्याला हळू बोलता येत नसे, कारण आयुष्य गोंगाटात गेलेलं.

"पुंजाराम, बायलरवर जा. गोवर्धनले हिव भरलं."

पुंजारामाच्या हातातली झारी तशीच राहिली. "मी? अन इंजिन कोन पाहीन?"

"मी पाहतो. दाखला तुह्याजवळ हाय, दिवसपाळीत दुसऱ्या कोनाजवळ हाय? बिनदाखल्याचा मानूस उभा केला अन नागपूरवाला टपकला तं मले घेऊन जाईन. जाय, बोलत नको बसू."

मिस्त्रीचं बरोबर होतं, हेच तर वाईट होतं. पुंजारामानं खांद्यावरच्या चिंधीला हात पुसले आणि तो निघाला. इंजिनघर ते बायलरघर म्हणजे मधली एक भिंत आणि एक दार. पण त्या दाराशी तो क्षणभर थांबला, मग आत गेला.

आत दोन बायलर शेजारी शेजारी निजलेले, पोट जमिनीत आणि पाठ माणसाच्या डोक्याच्या वर. एक नंबर चालू होता. दोन नंबर थंड होता, त्याच्या पाठीवरचं झाकण काढून ठेवलेलं. आमच्या या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी असं की बायलरच्या पोटात महिन्याभरात मिठाची आणि चुन्याची पोळी धरते. म्हणून हंगामभर आलटूनपालटून एक चालवायचा आणि दुसऱ्याचं पोट खरवडायचं. पुंजारामाला हे सगळं माहीत होतं. त्याला काय माहीत नव्हतं ते पुढं येईलच.

गोवर्धन कोळशाच्या ढिगाशेजारी जमिनीवर पडला होता. बायलरवाला म्हणून जिनात त्याच्या तोलाचा माणूस नव्हता, पण आता त्याचं सगळं अंग थडथडत होतं, दातावर दात आपटत होते. भट्टीच्या तोंडाशी, जिथं धडधाकट माणसाला घाम फुटतो, तिथं हा गारठून गोळा झाला होता. भट्टीत कोळसा टाकणारा नत्थुजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पुंजाराम दिसताच तो उठून पाणी आणायला गेला.

"गोवर्धनभाऊ, मी आलो. सांगा मले काय काय हाय ते."

गोवर्धननं डोळे उघडले. तापलेले, लाल डोळे. पण काम सोपवायचं म्हटल्यावर त्यातही एक शहाणपण आलं.

"उजवी काच पाहजो. डावी... डावी खोटं बोलते, तिची वाट बुजली हाय." मध्ये त्याला उबळ आली. "पंपानं पानी ओढनं सोडलं तं बाजूनं एक थापड मारजो, चालते तो. अन दुपारचा भोंगा झाला का तळचं पानी सोडजो. सकाळी सोडलं नाही. लय खारट झालं हाय."

"सोडतो."

"चावी तिथं..." त्यानं थरथरता हात भिंतीकडं केला. "अन दोन नंबर... दोन नंबरमंदी..."

त्याचे दात असे वाजू लागले की पुढचं काही निघेना. पुंजारामाला दया आली. आजारी माणसाकडून किती वदवून घ्यायचं? त्यानंच वाक्य पुरं करून टाकलं. "दोन नंबर थंडा हाय, दिसून राह्यलं मले. तुमी काळजी नका करू."

माणूस घाईत दुसऱ्याच्या तोंडातलं वाक्य उचलतो आणि त्याला आपली शेपटी लावून देतो. आपल्याला कळलं असं त्याला वाटतं, आणि सांगणाऱ्यालाही सुटल्यासारखं वाटतं. गोवर्धननं डोळे मिटले.

"काही पांघराले आना," पाणी घेऊन परत आलेला नत्थुजी म्हणाला. "हिव लय हाय त्याले."

पुंजारामानं इकडंतिकडं पाहिलं. कोळसा, राख, फावडी. भिंतीवर खिळ्याला तळाचं पाणी सोडायच्या कॉकची लांब दांड्याची चावी टांगलेली होती आणि तिच्याभोवती एक दुपट्टा गुंडाळून गाठ मारलेली होती. लाल काठाचा, मध्ये दोन तुकडे जोडलेला जाड दुपट्टा. इंजिनघरात गरम दांड्याला हात भाजू नये म्हणून असंच फडकं गुंडाळतात. नत्थुजी भिंतीकडं पाठ करून गोवर्धनच्या ओठांना पाणी लावत होता, तेवढ्यात पुंजारामानं गाठ सोडली, दुपट्टा झटकला आणि गोवर्धनच्या अंगावर घातला. चावी खिळ्याला उघडी लटकत राहिली.

तेवढ्यात मिस्त्री दारात आला. "नत्थुजी, याले बंडीत घाल अन सरकारी दवाखान्यात ने. तूच जाय."

नत्थुजीनं मान वर केली. "मी? पन मले इथं थांबा लागते मिस्त्री, आत—"

"मानूस मरून राह्यला अन तुले कोळशाची पडली? पुंजाराम टाकते कोळसा. उचल."

नत्थुजी मुळात कमी बोलणारा, आणि मिस्त्रीपुढं तर त्याची जीभ टाळूला चिकटायची. त्यानं एकदा दोन नंबरकडं पाहिलं, एकदा पुंजारामाकडं. गोवर्धननं पुंजारामाला सगळं सांगितलं असेल असं त्याला वाटलं, कारण तो पाणी घेऊन आला तोवर दोघांचं बोलणं चालूच होतं. मिस्त्रीला वाटलं, बायलरघरातलं बायलरवाले एकमेकांना सांगतात. आणि पुंजारामाला वाटलं की सांगायचं ते सांगून झालं. सगळ्यांना सगळं वाटत होतं.

गोवर्धनला बैलबंडीत घालताना तो बरळू लागला. "दुपट्टा... दुपट्टा कुठी हाय..."

"हा काय, तुमच्या अंगावरच हाय," पुंजाराम म्हणाला, आणि त्यानं तो दुपट्टा त्याच्या हनुवटीपर्यंत नीट ओढून दिला. गोवर्धननं तो दोन्ही हातांनी ढकलला. पुंजारामानं पुन्हा घातला, कडा अंगाखाली खोचल्या. तापात माणूस असंच करतो. बंडी निघाली तेव्हाही त्याच्या तोंडात तोच एक शब्द होता.

मग पुंजाराम एकटा राहिला.

त्याला भीती वाटत होती, आणि ती साधी नव्हती. काचेची भीती त्याच्या ओळखीची होती. तो उजव्या काचेसमोर उभा राहिला, पाणी अर्ध्यावर होतं, ठीक होतं. पंपानं एकदा पाणी ओढणं सोडलं, त्यानं थापड मारली, पंप चालू झाला. भट्टीत कोळसा टाकला. गोवर्धननं सांगितलेलं एकेक तंतोतंत खरं निघत होतं, तरी जिवाला चैन नव्हतं. काहीतरी राहिलं आहे. घरातून निघावं, फाटकापर्यंत यावं आणि मागं चूल तर जळत नाही ना असं वाटावं, तसं त्याला होत होतं. त्यानं पुन्हा काच पाहिली. वाफेचा दाब दाखवणारं घड्याळ पाहिलं. कोपऱ्यातलं पाणी प्यायला. काय राहिलं ते मात्र कळेना, आणि विचारणार कोणाला? सांगणारा बंडीत बरळत गेला होता.

दोन नंबरच्या उघड्या तोंडाकडं त्याचं लक्ष गेलं होतं. धुऊन वाळत ठेवला असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. जिनाचा खडखडाट भिंतीपलीकडं इतका होता की शेजारी कोणी हातोडा मारला असता तरी ऐकू आलं नसतं.

दुपारचा भोंगा झाला. जिन थांबलं, इंजिन थांबलं. खडखडाट थांबला तसा बायलर बोलू लागला. वाफ खाणारं इंजिन थांबलं की वाफ साठते. घड्याळाचा काटा चढला आणि वरची सुरक्षा झडप उघडून कर्कश शिट्टी घालू लागली. पुंजाराम मागं सरकला. झडप उघडते ती वाचवण्यासाठीच, हे त्याला परीक्षेत पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि शिट्टीखाली उभं राहणं वेगळं. आता लवकर तळाचं पाणी सोडावं. खारट पाणी तसंच राहिलं तर ते फसफसून वाफेबरोबर इंजिनात जाईल आणि सिलिंडर फुटेल. इंजिनवाला म्हणून ही भीती त्याला सगळ्यांत आधी दिसत होती. माणसाला आपल्या अंगणातला साप आधी दिसतो.

त्यानं चावी काढली. बायलरच्या पोटाखाली खड्डा, त्यात कॉक. तो उतरला, चावी बसवली. इथं एक सांगून ठेवतो. दोन्ही बायलरचे कॉक एकाच नळात उघडत, आणि तो नळ भिंतीपलीकडच्या कुंडात जात असे. दोन नंबरचा कॉक बंद असला तर काही भीती नाही. पण पोट धुताना घाण वाहून जावी म्हणून तो उघडा ठेवतात, आणि मग एक नंबरचं उकळतं पाणी बाहेर जायच्या वाटेवर उलटं फिरून दोन नंबरच्या पोटातही शिरतं. पुंजारामाला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याची नजर दोन नंबरच्या कॉककडं गेलीही. पण खड्ड्यात ओली राख पडून तो अर्धा गाडला गेला होता, आणि डोक्यावर शिट्टी चालू होती.

त्यानं चावी थोडी फिरवली. नळ गुरगुरला, हादरला.

"भाऊ! पुंजारामभाऊ!"

दारात एक बाई उभी होती. शिट्टीपुढं तिचा आवाज कसाबसा पोहोचला. शेषरावची बायको, पार्बताबाई. शेषराव म्हणजे बायलरची पोळी खरवडणारा मजूर, हंगामात या जिनातून त्या जिनात फिरणारा. रोज दुपारी ती त्याची भाकर घेऊन यायची. आज भाकरीचं गाठोडं तिनं छातीशी घट्ट धरलं होतं आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

पुंजाराम वैतागला. कॉक उघडा ठेवून बोलता येत नाही, पाहणंही सोडता येत नाही. त्यानं कॉक बंद केला, चावी काढून हातात घेतली आणि खड्ड्यातून वर आला. वरची झडपही तेवढ्यात बसली. एकदम शांत झालं.

"काय झालं वयनी?"

"त्यायले काय झालं? बंडीत घालून कुठी नेलं?" ती धापा टाकत होती. "मी वळनावर होती तं बंडी गेली. मी लय लांबवर मागं धावली, पन ते काही थांबले नाही. तोंड नाही दिसलं मले. पन दुपट्टा त्यायचाच होता. म्याच जोडला हाय तो, लाल काठाचा. सांगा नं भाऊ, जित्ते हायेत ना?"

पुंजारामाला हायसं वाटलं. एवढंच ना? घाबरलेल्या माणसाला कोणी आपल्याहून जास्त घाबरलेलं भेटलं की बरं वाटतं. तो चक्क हसला.

"अवो वयनी, तो गोवर्धन होता. हिवताप भरला त्याले. शेषरावले काही नाही झालं."

"मंग दुपट्टा?"

"तो म्याच टाकला त्याच्या अंगावर. इथं चावीले बांधून होता, म्या सोडला अन..."

बोलता बोलता त्याचे शब्द त्यालाच ऐकू आले. चावीला बांधून होता. शेषरावचा दुपट्टा चावीला. बायलरच्या पोटात उतरणारा माणूस आपल्या अंगावरचं वस्त्र चावीला बांधून जातो, आणि तो बाहेर येऊन स्वतःच्या हातानं सोडेपर्यंत ती चावी कोणी उचलत नाही. या जिनातली ही जुनी रीत. पुंजारामानं स्वतः कितीदा पाळली होती. इंजिनघरात गेल्यापासून बोटांना ती सवय राहिली नव्हती. फडकं म्हणजे फडकं, एवढंच त्यांना उरलं होतं.

पार्बताबाईचा जीव भांड्यात पडत होता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि साध्या आवाजात विचारलं, "मंग हे कुठी हायेत?"

पुंजारामानं मान वळवून दोन नंबरकडं पाहिलं. त्यानं चावी तिच्या हातात कोंबली.

"हे धरा. कोनाले देऊ नका. मिस्त्री आला तरी नाही, मी मांगतली तरी नाही."

तो शिडी चढला. दोन नंबरच्या उघड्या तोंडातून बारीक वाफ येत होती. थंड बायलरमधून वाफ. त्यानं आत तोंड घातलं, गरम दमट वास नाकात गेला, आणि आतला अंधार इतका दाट होता की हात बुडेल.

"शेषराव!"

आवाज लोखंडात घुमला आणि परत आला. दुसरं काही आलं नाही. खाली पार्बताबाई उभी होती. तिला अजून सगळं कळलं नव्हतं, पण हाक कुठं मारली ते तिनं पाहिलं होतं.

"शेषराव, अरे बोल. बोल ना बाप्पा."

मनात तो देवाला नवस बोलत होता आणि कोणत्या देवाला ते त्याला आठवत नव्हतं. एक नंबरच्या भट्टीत निखारा पडल्याचा आवाज झाला. मग आतून, खूप लांबून असावं तसा, खोकला आला.

"कोनं... कॉक कोनं उघडला?"

पुंजाराम आत उतरला. ज्याला काचेसमोर उभं राहायची भीती वाटे तो त्या वाफेच्या पोटात उतरला, यात शौर्य काही नव्हतं. बाहेर उभं राहणं त्याला त्याहून अवघड होतं. आतून आडव्या जाणाऱ्या धुराच्या दोन मोठ्या नळांच्या पाठीवर शेषराव घोरपडीसारखा चिकटून बसला होता. तो तळाशी आडवा पडून शेवटचा कोपरा खरवडत होता. भोंगा त्यानं ऐकला, पण वर यायला नत्थुजीचा हात लागतो, म्हणून तो आला की निघू म्हणत थांबला. मग पायाशी काहीतरी गुरगुरलं आणि उकळतं पाणी तळव्यांवर आलं. तो वर चढला. दिवा विझला. आणखी पाणी येईल म्हणून तो वाट पाहत बसला. आलं नाही. का आलं नाही ते त्याला कळलं नव्हतं.

दोघांनी मिळून त्याला बाहेर काढलं, आतून पुंजारामानं, आणि वरून, पार्बताबाईची हाक ऐकून धावत आलेल्या मिस्त्रीनं. शेषरावचे दोन्ही तळवे भाजून पांढरे झाले होते, कातडी लोंबत होती. मिस्त्रीनं ते पाहिलं, पुंजारामाकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तो हळू बोलला.

"मले वाटलं, तुले सांगतलं असन."

"मलेही तसंच वाटलं," पुंजाराम म्हणाला.

दुसरी बंडी आली. बंडीबरोबर पाठवायला माणूस होता, पण पुंजारामाच्या जागी उभा करायला त्या वेळी दुसरा दाखलेवाला नव्हता. म्हणून शेषरावबरोबर दवाखान्यात जायचं सुख त्याच्या नशिबी नव्हतं. पार्बताबाई बंडीत चढली तेव्हाही चावी तिच्या मुठीत होती. नवऱ्याचं डोकं मांडीवर नीट टेकल्यावर तिनं मूठ उघडली. चावीचा वळ तळहातावर उमटला होता. तिनं चावी पुंजारामाच्या हातात ठेवली. तो शिव्यांची वाट पाहत होता, त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाहून घेत जा भाऊ," ती एवढंच म्हणाली. बंडी हलली.

त्यानंतर पुंजारामानं दोन नंबरचा कॉक राखेतून मोकळा करून बंद केला, आत उतरून सारा तळ हातानं चाचपला, बाहेर आला, पुन्हा आत उतरला. मगच एक नंबरचं पाणी सोडलं.

दिवेलागणीला पाळी बदलली. ओमप्रकाश आला, तरणाताठा, पानाचा शौकीन, नुकताच दाखला मिळवलेला रातपाळीचा बायलरवाला. "काय भाऊ, आज लय गडबड झाली म्हने. सांग बरं, कुठवर आलं?"

पुंजारामानं सांगायला सुरुवात केली. उजवी काच पाहायची, डावी खोटं बोलते. त्यानं ओमप्रकाशचा हात धरून त्याला दोन्ही काचांसमोर उभं केलं. पंपाची थापड दाखवली. तळाचं पाणी केव्हा सोडलं ते सांगितलं. त्याला खड्ड्यात उतरवून दोन नंबरच्या कॉकला हात लावायला लावला. शिडीवर चढवून उघड्या तोंडात हाक मारायला लावली. आतून कोणी बोललं नाही, तेव्हा कंदील घेऊन डोकावायला लावलं. ओमप्रकाश आधी हसत होता, मग त्यानं तोंडातलं पान थुंकून टाकलं. पुंजारामानं सांगितलेलं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी मध्ये थांबून विचारलं, "आता तू मले सांग." त्यानं सांगितलं. बरोबर सांगितलं.

"झालं ना भाऊ?" ओमप्रकाश म्हणाला. "आता घरी जाय. आनखीन काही राह्यलं काय?"

पुंजाराम दारापर्यंत गेला. फाटकाबाहेर दवाखान्याची वाट होती. तिथं एका खाटेवर गोवर्धन होता, दुसरीवर शेषराव, आणि कोणाच्या तरी अंगावर तो लाल काठाचा दुपट्टा. तो उंबरठ्यावर उभा राहिला, आणि दुपारचीच ती हुरहुर पुन्हा उठली.

"राह्यलं असन," तो म्हणाला. "काय ते मले नाही माईत."

तो परत वळला. खांद्यावरची चिंधी काढून त्यानं ती खिळ्यावरच्या चावीला बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि तिच्याखाली भिंतीला पाठ टेकून बसून राहिला.